उधारीवर माल देण्याआधी ऑडिटरचं मत कसं वाचायचं: ‘क्वालिफाइड’, ‘अ‍ॅडव्हर्स’ आणि ‘डिस्क्लेमर’

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं शीटमेटलचं छोटं युनिट आहे. दादा शॉप सांभाळतो आणि मी दांडिया बाजारातल्या घरून बिलं, वसुली, जीएसटी असं सगळं बघते. एका गिऱ्हाईक कंपनीकडे आमचे ३१ लाख अडकले. त्या कंपनीची दोन वर्षांची ऑडिट रिपोर्ट्स तेव्हा सरकारी पोर्टलवर होती, १०० रुपयांत कुणालाही बघता येतील अशी. पैसे अडकल्यावर ती उघडली तेव्हा कळलं, की ऑडिटरने दोन्ही वेळा लिहून ठेवलं होतं. आम्ही फक्त नफ्याचा आकडा विचारला होता, तोही तोंडी.

आमच्यासारखे छोटे सप्लायर, नवे अकाउंटंट किंवा नातेवाइकाच्या कंपनीत पैसे गुंतवणारे, अशा ज्यांना दुसऱ्याचे हिशेब वाचायची वेळ येते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी सीए नाही. आमच्या सीए काकांकडे बसून, एकेक रिपोर्ट समोर ठेवून शिकले. खालच्या उदाहरणातले आकडे ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत, गोष्टीचा क्रम मात्र तोच आहे.

काय काय लागेल

- कंपनीचं नेमकं नाव, शक्य असेल तर तिचा CIN क्रमांक (तो लेटरहेडवर छापलेला असतो)
- mca.gov.in वर लॉगिन आणि १०० रुपये
- किमान तीन वर्षांचे ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट परिशिष्टासकट, आणि संचालकांचा अहवाल
- कागद, पेन, कॅल्क्युलेटर

१. कागद मिळवा, आणि आधी तारीख बघा

पोर्टलवर ‘View Public Documents’ मध्ये कंपनी शोधा, फी भरा, आणि AOC-4 नावाच्या फॉर्मसोबतचे कागद उघडा. ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट आणि संचालकांचा अहवाल त्यातच सापडतो. कागद मर्यादित काळच बघता येतात, म्हणून लगेच उतरवून घ्या. गिऱ्हाइकाने स्वतः ईमेलने पाठवलेली पीडीएफ चालेल, पण तिच्यात परिशिष्टं आणि ऑडिटरची सही आहे ना, हे तपासा. आम्हाला एकाने नुसता ताळेबंद पाठवला होता. ऑडिट रिपोर्टची चार पानं ‘राहून गेली’ होती.

३१ मार्चला वर्ष संपतं, वार्षिक सभेला साधारण ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि त्यानंतर ३० दिवसांत हे कागद दाखल करायचे असतात. म्हणजे तुमच्या हातात पडणारी माहिती सहा-सात महिने जुनी असणारच. पण डिसेंबर उजाडला आणि तरीही कागद नाहीत, तर तेवढ्यावरच सावध व्हा. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल झाला हे कंपनीच्या ‘मास्टर डेटा’मध्ये फी न भरता दिसतं.

समोरची व्यक्ती कंपनी नसून भागीदारी पेढी किंवा एकट्याची फर्म असेल, तर असा सार्वजनिक कागद मिळत नाही. तिथे थेट मागावाच लागतो.

२. पहिलं शीर्षक वाचा, पहिलं वाक्य दोनदा वाचा

२०१८-१९ पासून लागू असलेल्या पद्धतीत ऑडिटरचं मत रिपोर्टच्या सुरुवातीलाच येतं आणि लगेच त्याखाली कारणांचा भाग येतो. शीर्षक नुसतं ‘ओपिनियन’ असेल तर मत स्वच्छ आहे. ‘क्वालिफाइड ओपिनियन’, ‘अ‍ॅडव्हर्स ओपिनियन’ किंवा ‘डिस्क्लेमर ऑफ ओपिनियन’ असेल तर मत बदललेलं आहे. हे तीन प्रकार एसए ७०५ या ऑडिटच्या मानकात ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे शब्द ऑडिटरच्या लहरीवर नसतात. पीडीएफमध्ये हे शोधा:

```
Basis for
except for
possible effects
do not give a true and fair view
do not express an opinion
```

पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर शोध काहीच दाखवणार नाही, आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. बडोद्यातल्या निम्म्या छोट्या कंपन्यांचे कागद मला तरी स्कॅन केलेलेच मिळाले आहेत. मग डोळ्यांनी वाचायचं, दुसरा इलाज नाही.

तिन्ही मतांचा साधा अर्थ असा. क्वालिफाइड म्हणजे ‘ही एक गोष्ट सोडली तर बाकी हिशेब बरोबर’. अ‍ॅडव्हर्स म्हणजे ‘मी तपासलं आणि हे हिशेब खरं चित्र दाखवत नाहीत’. डिस्क्लेमर म्हणजे ‘मला इतकं थोडं तपासता आलं की मी मतच देत नाही’. डिस्क्लेमरमध्ये एक बारीक खूण असते. इतर रिपोर्टांत ऑडिटर ‘आम्ही ऑडिट केलं’ असं लिहितो, इथे मात्र ‘आम्हाला ऑडिटसाठी नेमलं होतं’ एवढंच म्हणतो. सीए काकांनी पहिल्यांदा ते वाक्य दाखवलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमचे ३१ लाख आठवले आणि ते थांबलं.

३. ऑडिटरला चूक दिसली, की काही दिसलंच नाही?

नवा माणूस ‘क्वालिफाइड’ हा शब्द बघतो आणि थांबतो. पण क्वालिफाइड मतही दोन तऱ्हेचं असतं, आणि वाचणाऱ्याला त्यांतून वेगवेगळ्या गोष्टी कळतात.

पहिल्या तऱ्हेत ऑडिटरला पुरावा मिळालेला असतो आणि त्यावरून हिशेबात चूक आहे हे त्याला माहीत असतं. वाक्यात ‘एक्सेप्ट फॉर द इफेक्ट्स’ येतं. उदाहरणार्थ, बुडालेल्या गिऱ्हाइकाची येणी अजून पूर्ण धरली आहेत, तरतूद केलेली नाही. इथे चुकीचा आकडा बहुधा लिहिलेलाच असतो, कारण मोजता येत असेल तर ऑडिटरने तो लिहायचा असतो.

दुसऱ्या तऱ्हेत ऑडिटरला पुरावाच मिळाला नाही. चूक असेलही, नसेलही. वाक्यात एक जास्तीचा शब्द येतो, ‘पॉसिबल’: ‘एक्सेप्ट फॉर द पॉसिबल इफेक्ट्स’. इथे चुकीचा आकडा नसतो, फक्त न तपासलेल्या रकमेचा असतो. त्या रकमेतली किती खरी, हे ऑडिटरलाही माहीत नाही.

त्या एका शब्दावर माझी नजर आता आधी जाते. चूक माहीत असेल तर मी आकडा दुरुस्त करू शकते. चूक माहीत नसेल तर फक्त वाईटात वाईट काय होऊ शकतं याचा अंदाज बांधता येतो.

अ‍ॅडव्हर्स आणि डिस्क्लेमर ही याच दोन वाटांची पुढची टोकं आहेत. ‘चूक दिसली’ ही वाट पुढे गेली की अ‍ॅडव्हर्स, ‘दिसलंच नाही’ ही वाट पुढे गेली की डिस्क्लेमर.

४. एका कोपऱ्यात आहे, की घरभर पसरलंय?

क्वालिफाइडवरून मत पुढच्या टोकाला कधी जातं? ऑडिटर दोन प्रश्न विचारतो. रक्कम मोठी आहे का? आणि ती पसरलेली आहे का? मोठी पण एका जागची असेल तर क्वालिफाइड. मोठी आणि पसरलेली असेल तर अ‍ॅडव्हर्स किंवा डिस्क्लेमर.

‘पसरलेली’ म्हणजे तीनपैकी काहीतरी. एक तर परिणाम एखाद-दुसऱ्या खात्यापुरता राहत नाही, विक्री, साठा, येणी असा सगळीकडे जातो. किंवा तो एकाच खात्यात आहे, पण ते खातंच हिशेबाचा मोठा हिस्सा आहे. किंवा लपवलेली माहिती अशी आहे की तिच्याशिवाय बाकीचे आकडे समजणारच नाहीत.

भिंतीवरचा ओलाव्याचा डाग आणि घराच्या पायातलं पाणी यांत जो फरक, तोच इथे. फक्त हा फरक ऑडिटरच्या अंदाजावर ठरतो, त्याला ठरलेली टक्केवारी नाही. म्हणून ‘क्वालिफाइडच आहे, अ‍ॅडव्हर्स तर नाही’ यावर मी समाधान मानत नाही. एका ऑडिटरला जे कोपऱ्यात वाटलं ते दुसऱ्याला घरभर वाटू शकतं. आणि कडक मत लिहिलं तर पुढच्या वर्षी काम राहील का, ही धाकधूक माणसाला असतेच. हे माझं मत, सीए काकांना ते पटत नाही.

५. आकडे स्वतः दुरुस्त करा

आता आमच्या गिऱ्हाइकाचं प्रकरण सविस्तर. पैसे अडकल्यावर बसून हे केलं. तुम्ही आधी करा.

पहिल्या वर्षी कंपनीची विक्री ४२ कोटी होती, करापूर्वीचा नफा २.९ कोटी, स्वतःची पुंजी म्हणजे भांडवल आणि राखीव निधी मिळून ८ कोटी, आणि बँकेचं कर्ज ९ कोटी. मत क्वालिफाइड होतं आणि कारण स्पष्ट लिहिलेलं: येण्यांमधले २.२ कोटी अशा पार्टीकडे आहेत जिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू आहे, आणि कंपनीने त्यासाठी तरतूद केलेली नाही. ‘पॉसिबल’ हा शब्द नव्हता, म्हणजे चूक माहीत होती.

कर बाजूला ठेवून साधी वजाबाकी करा. नफा २.९ वजा २.२, म्हणजे ०.७ कोटी. पुंजी ८ वजा २.२, म्हणजे ५.८ कोटी. छापील आकड्यांवर कर्ज पुंजीच्या १.१ पट दिसत होतं, दुरुस्तीनंतर ते जवळपास १.५५ पट झालं. ‘एवढी एक गोष्ट सोडली तर’ असं म्हणता म्हणता नफ्याचे तीन-चतुर्थांश गेले. त्या दिवशी आमचे येणे १८ लाख होते आणि आम्ही ९० दिवसांची उधारी देत होतो.

दुसऱ्या वर्षी नफा १.१ कोटी, पुंजी ८.८ कोटी आणि कर्ज ९.५ कोटी. मत पुन्हा क्वालिफाइड, पण या वेळी दोन मुद्दे. जुने २.२ कोटी तसेच होते, अजून तरतूद नाही. आणि नवा मुद्दा असा: भाड्याच्या गोडाउनमधला ३.६ कोटींचा साठा ऑडिटरने मोजलेला नाही, कारण त्याची नेमणूक ३१ मार्चनंतर झाली आणि दुसऱ्या मार्गाने खात्री करता आली नाही. इथे ‘पॉसिबल इफेक्ट्स’ आलं.

इथे माझ्याकडून एक चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. मी जुने २.२ कोटी दुसऱ्या वर्षाच्या नफ्यातूनही वजा केले. ते बरोबर नाही. ती तरतूद पहिल्या वर्षी व्हायला हवी होती, म्हणजे तोटा पहिल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षाच्या नफ्याला तिचा धक्का नाही. पुंजीतून मात्र ती दरवर्षी वजा करावी लागते, कारण ते पैसे अजून ताळेबंदात खरे म्हणून बसलेले आहेत. म्हणून पुंजी ८.८ वजा २.२, म्हणजे ६.६ कोटी.

आता साठा. तो खरा की खोटा हे कुणालाच माहीत नाही, म्हणून मी दोन अंदाज घेते: निम्मा नाही असं धरून, आणि सगळाच नाही असं धरून. शेवटचा साठा जेवढा कमी, तेवढाच त्या वर्षाचा नफाही कमी होतो. निम्मा, म्हणजे १.८ कोटी गेले, तर १.१ कोटींचा नफा ०.७ कोटींचा तोटा होतो आणि पुंजी ४.८ कोटींवर येते. कर्ज तिच्या दुप्पट होतं. सगळा गेला, तर तोटा २.५ कोटी आणि पुंजी ३ कोटी. ३.६ कोटींचा तो एक आकडा आख्खी कंपनी नफ्यातून तोट्यात नेत होता, आणि शीर्षक मात्र दोन्ही वर्षी तेच, ‘क्वालिफाइड’.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ही मेहनत थोडी वाचते. मत बदललेलं असेल तर त्यांना वार्षिक निकालासोबत एक तक्ता द्यावा लागतो. त्यात एका बाजूला छापील आकडे, दुसऱ्या बाजूला ऑडिटरचा आक्षेप धरून दुरुस्त केलेले आकडे, आणि हा आक्षेप पहिल्यांदाच आला की किती वर्षं चालू आहे हेही असतं. परिणाम मोजता येत नसेल तर व्यवस्थापनाने का नाही ते लिहायचं असतं. तो रकाना आधी वाचा.

६. डिस्क्लेमर: आकडे छापलेले असतात, पण त्यांना आधार नसतो

तिसऱ्या वर्षी डिस्क्लेमर आला. कारणं अशी: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला काही महिन्यांचा डेटा गेला, येणेदारांकडून आणि बँकेकडून शिलकीची पत्रं मिळाली नाहीत, साठा पुन्हा मोजला नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी क्वालिफाइडमध्ये भागली असती कदाचित, पण एकत्र आल्यावर हिशेबाचा कुठलाच भाग धरून उभं राहता येईना.

सापळा हा, की डिस्क्लेमर असलेल्या रिपोर्टलाही ताळेबंद जोडलेला असतो, तितकाच नीटनेटका. ०.४ कोटी नफा सुबक छापलेला होता. आमच्या वसुलीच्या माणसाने तो बघून फोनवर सांगितलं, ‘ताई, कंपनी नफ्यात आहे’. डिस्क्लेमर असेल तर त्या आकड्यांवर कुठलंही गुणोत्तर काढू नका. मागच्या टप्प्यातलं निम्मं-सगळं गणितही इथे चालत नाही, कारण कशातून वजा करायचं तेच ठरत नाही.

पण डिस्क्लेमर म्हणजे चोरी, असंही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पहिलं संपूर्ण ऑडिट २०१८ मध्ये झालं, आणि २०२४ पर्यंत दरवर्षी त्याला डिस्क्लेमरच मिळाला. तिथे कुणी सगळे पैसे खिशात घातले असा त्याचा अर्थ होत नाही, मालमत्तेचे आणि हिशेबाचे पुरावे ऑडिटरला पुरेल इतके जुळले नाहीत एवढाच. तुमच्या गिऱ्हाइकाचंही तसं असू शकतं. फक्त, तसं आहे का हे रिपोर्टवरून कळणार नाही.

अ‍ॅडव्हर्स मत मी आजवर एकाच रिपोर्टात प्रत्यक्ष वाचलं. कारखाना बंद पडला होता, मशिनरी विकायला काढली होती, आणि हिशेब मात्र ‘धंदा पुढे चालणार’ असं धरून लिहिले होते. अशा वेळी ऑडिटरला अ‍ॅडव्हर्सच द्यावं लागतं, मग कंपनीने ती गोष्ट टिपेत लिहिली असली तरी. चालू कारखान्यात लेथची किंमत पुस्तकात असते तेवढी, भंगारात तिची किंमत वेगळी, आणि म्हणून सगळाच ताळेबंद चुकतो.

मला आता जे वाटतं ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटेल: अ‍ॅडव्हर्स मत डिस्क्लेमरपेक्षा वाचणाऱ्याला जास्त देतं. त्यात ऑडिटर सगळं बघून आलेला असतो आणि काय चुकलं ते सांगतो. कधी कधी त्याच्या कारणांवरून तुम्ही आकडे पुन्हा उभे करू शकता. डिस्क्लेमरमध्ये तो दाराबाहेरून परत आलेला असतो. हिशेबावर विश्वास ठेवायचा तर दोन्हींवर नाही, पण पुढे काय विचारायचं हे अ‍ॅडव्हर्समधून जास्त कळतं.

७. आक्षेपासारखे दिसणारे, पण आक्षेप नसलेले परिच्छेद

‘एम्फसिस ऑफ मॅटर’ या शीर्षकाखाली ऑडिटर कंपनीच्या एखाद्या टिपेकडे लक्ष वेधतो आणि शेवटी लिहितो की यामुळे आमचं मत बदललेलं नाही. हिशेब बरोबर आहेत, फक्त ही टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, असा त्याचा अर्थ.

यापेक्षा महत्त्वाचं शीर्षक म्हणजे ‘मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न’. कंपनी टिकेल का याबद्दल मोठी शंका आहे, पण कंपनीने ती हिशेबात नीट मांडली आहे, तर मत स्वच्छच राहतं आणि हा वेगळा परिच्छेद येतो. म्हणजे हिशेब पूर्ण विश्वासाचे आणि कंपनी बुडायला टेकलेली, हे एकाच रिपोर्टात असू शकतं. उधारी देणाऱ्यासाठी हा परिच्छेद कित्येक क्वालिफाइड मतांपेक्षा गंभीर आहे. ऑडिटर हिशेबाबद्दल बोलतो, तुमची उधारी परत येईल का याबद्दल नाही.

स्वच्छ मतही हमी नसतं. सत्यमच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्याआधीच्या ऑडिट रिपोर्ट्समध्ये यातलं काही नव्हतं.

मुख्य रिपोर्टच्या मागे ‘कारो’ नावाचं परिशिष्ट असतं, अगदी छोट्या खाजगी कंपन्या सोडून. त्यातलं सगळं वाचायचं धैर्य माझ्यात नाही. तीन जागा बघते: बँकेला दिलेले तिमाही साठ्याचे आकडे पुस्तकांशी जुळतात का, कर्जाचे हप्ते थकले आहेत का, आणि वर्षभरात देय होणारी देणी भागवण्याबद्दल ऑडिटर काय म्हणतो. आमच्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या वर्षाच्या कारोमध्ये बँकेला कळवलेला साठा आणि पुस्तकातला साठा वेगळा आहे, असं चक्क तक्ता करून दिलं होतं. गोडाउनच्या मुद्द्याशेजारी ते ठेवलं असतं तर आणखी काही बघायची गरज नव्हती.

८. संचालक काय उत्तर देतात, आणि जुना ऑडिटर का गेला

ऑडिटरच्या प्रत्येक आक्षेपावर संचालकांनी आपल्या अहवालात खुलासा द्यावा, असं २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३४ सांगतं. तो खुलासा आक्षेपाशेजारी ठेवून वाचा. चांगला खुलासा तारीख आणि रक्कम सांगतो: अमुक पार्टीकडून एवढे आले, उरलेल्यांची तरतूद या वर्षी करू. वाईट खुलासा म्हणजे ‘ऑडिटरची निरीक्षणं स्वयंस्पष्ट आहेत, अधिक भाष्याची गरज नाही’. आमच्या गिऱ्हाइकाने दोन्ही वर्षी हेच वाक्य छापलं होतं, स्वल्पविरामासकट.

तोच आक्षेप दुसऱ्या वर्षी परत आला, तर मी त्याला दुप्पट वजन देते. वर्षभर वेळ असूनही दुरुस्ती झाली नाही, म्हणजे एक तर करायची नाही किंवा करणं परवडत नाही.

मग ऑडिटर बदलला का ते बघा. राजीनामा दिला असेल तर त्याला कारणासह ADT-3 फॉर्म दाखल करावा लागतो आणि तोही त्याच पोर्टलवर दिसतो. कारण बहुतेक वेळा ‘इतर कामांत व्यग्र’ असंच असतं, त्यात फारसं काही नाही. तारीख मात्र बोलते. आमच्या प्रकरणात जुना ऑडिटर एप्रिलमध्ये गेला होता. वर्ष संपलेलं, साठा मोजायचा दिवस टळलेला, आणि हिशेब तपासायचे अजून बाकी. व्यवस्थापनाने कागद अडवले आणि त्याचा परिणाम पसरलेला असला, तर शक्य असेल तिथे ऑडिटरने काम सोडावं असं मानकच सांगतं. म्हणून अशा वेळचा राजीनामा म्हणजे कधी कधी कागदावर न आलेला डिस्क्लेमर असतो. नेहमी नाही. पण फोन करून विचारायला कारण आहे.

९. विचारायचं काय, आणि उधारी किती

फोन करा आणि नेमका आक्षेप वाचून दाखवा. आमच्या गिऱ्हाइकाला मी उशिरा विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘बेन, ए तो ओडिटरनी टेक्निकल वात छे’. कधी कधी ते खरंही असतं. एका दुसऱ्या कंपनीचं मत केवळ यासाठी क्वालिफाइड होतं की कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद विमागणिताच्या पद्धतीने न करता पैसे देताना खर्चात टाकली होती. त्यांनी पंधरा दिवसांत मूल्यांकनाचं पत्र दाखवलं: फरक १४ लाखांचा, नफा ३ कोटींच्या वर. त्यांना आम्ही ६० दिवसांची उधारी आजही देतो.

तेव्हा उत्तरासोबत कागद मागा. येण्यांबद्दल आक्षेप असेल तर त्यानंतर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट. साठ्याबद्दल असेल तर गोडाउनवाल्याचं पत्र किंवा बँकेने करवून घेतलेल्या स्टॉक ऑडिटचं पान. आणि हे ईमेलवर मागा.

आमच्या शॉपवर आता असं चालतं. चूक मोजलेली असेल तर दुरुस्त आकड्यांवर, नेहमीच्या हिशेबाने उधारी ठरते. ‘पॉसिबल’ असेल तर निम्मी रक्कम गेली असं धरून ठरते, आणि तोवर थकलेलं बिल येईपर्यंत नवा माल निघत नाही. अ‍ॅडव्हर्स किंवा डिस्क्लेमर असेल तर प्रोफॉर्मा बिलावर आगाऊ पैसे, मग माल. दादा यावरून दोनदा चिडला, एक ऑर्डर गेलीही.

त्या ३१ लाखांचं विचाराल, तर कंपनी बँकेच्या अर्जावरून दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आम्ही स्वतः अर्ज करू शकत नव्हतो, कारण मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा १ कोटी आहे. आम्ही फॉर्म बी भरून दावा लावला आहे, बिलं आणि डिलिव्हरी चलनांसकट. दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे कागद उतरवते, प्रत्येकाचे १०० रुपये आता ऑफिसखर्चात धरलेले आहेत.